साहेब जेवत नाहीत

दादा साप चावून मेला असता तर निदान लोकांचं समाधान झालं असतं. ज्याने उभी हयात सापांच्या पिंजऱ्यात काढली, त्याने मरायचं ते सापाच्याच दाताने, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. पण दादा गेला तो घरी, सकाळी दाढी करताना. अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल साफ. छातीत कळ आली, बेसिनला धरून खाली बसला आणि उठलाच नाही. त्याच्या बायकोने आधी नळ बंद केला. मग त्याच्या गालावरचा फेस पुसला. बेसिनमध्ये पडलेले केसही धुऊन टाकले. मग शेजाऱ्यांना हाक मारली.

एवढंच. ती रडली नाही. "धक्का बसलाय, उद्या रडेल," असं बायका म्हणाल्या. उद्या आला, परवा आला, हिच्या डोळ्यांत पाणी काही येईना. मग त्याच बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. माणसांचं काय आहे, रडलं तर नाटकी आणि नाही रडलं तर दगड! मधलं काही त्यांना पटतच नाही.

तिने धुणी काढली. त्याचे शर्ट, विजारी, चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, पायपुसणं, सगळं. गरम पाण्यात भिजवायचं, साबण लावायचा, आपटायचं, पिळायचं, वाळत घालायचं. दु:ख होत नव्हतं म्हणून नव्हे, आनंद होत होता म्हणूनही नव्हे. हाताला काम हवं होतं, एवढंच. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल बधिर होतो ना, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. गाल आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही.

ती आधीपासून त्याच प्राणिसंग्रहालयात स्वयंपाकघरात होती. माकडांची फळं चिरायची, हरणांचा चारा तोलायचा. दादा गेल्यावर सर्पगृहात एक हात कमी पडला, तेव्हा तिलाच तिकडे पाठवलं. दादा सगळ्यांचा दादा, म्हणून ही सगळ्यांची वहिनी. डायरेक्टरपासून तिकीट फाडणाऱ्यापर्यंत वहिनीच म्हणायचे.

पहिल्या दिवशी तिने सर्पगृहाची मागची खोली पाहिली आणि पदर खोचला. लांब बोळ, एका बाजूला पिंजऱ्यांची मागची दारं, दुसऱ्या बाजूला फळी, साप उचलायचे लांब दांड्यांचे आकडे, चिमटे, बादल्या. गरम पाण्याच्या पाइपावर एका खिळ्याला जाड कापडाची पिशवी लोंबत होती, काळपट, कडक झालेली, साप न्यायला वापरतात तसली. वहिनीने पिशवी काढली, फडकी काढली, दादाचा ॲप्रन काढला आणि संध्याकाळपर्यंत सगळं स्वच्छ धुऊन दोरीवर टाकलं. मिशीवाले भाऊजी तोंडात बोट घालून बघत राहिले.

भाऊजी म्हणजे दादाचा जोडीदार. जन्म कासवा-मगरींत गेलेला, सापांकडे अलीकडेच आलेला. मिशा अशा की समोरच्याला आधी त्या दिसायच्या, मग भाऊजी. मनाने लोणी. वहिनीला शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते जिवापाड केलं. विषारी सापाचं दार एकट्याने उघडायचं नाही. आधी साप आतल्या पेटीत, मधली झडप खाली, कडी लागली का हे दोघांनी म्हणायचं, मगच बाहेरचं दार. उंदराला हात लावला की कोपरापर्यंत हात धुवायचे, नाहीतर सापाला तुमचा हातच उंदीर वाटेल. आणि प्रत्येक पिंजऱ्याचा आकडा वेगळा. धामणींच्या आकड्याला निळी पट्टी, साहेबांच्या आकड्याला लाल.

साहेब म्हणजे नागराज, किंग कोब्रा. सर्पगृहातला सगळ्यात मोठा, माणसाच्या दुप्पट लांब, रंग चिंचेच्या टरफलाचा. साहेब हे नाव दादाने ठेवलं होतं. "येतो उशिरा, बोलत काही नाही आणि सगळे घाबरतात," असं तो म्हणायचा.

तर हे साहेब जेवेनात.

दादा गेल्यावर पहिला उंदीर टाकला तो वहिनी सर्पगृहात आल्यावर, खाल्ला नाही. सापाचं असं होतं कधीमधी, कोणी मनावर घेतलं नाही. पुढच्या वेळी टाकला, तसाच. मग पांढरा टाकून बघितला, करडा टाकून बघितला, लहान, मोठा, कोमट करून, अंधार करून. साहेब पेटीतून निवांत बाहेर यायचे, उंदरापाशी थांबायचे, काळसर जीभ एकदा-दोनदा बाहेर काढायचे आणि तोंड फिरवून निघून जायचे. पंगतीत नावडती भाजी आली की माणूस ताट सरकवतो, तसं. हिवाळा संपला, उन्हाळा चढला. साहेबांच्या पाठीचा कणा वर यायला लागला, कातडीला दोन्ही बाजूंनी खळगे पडले.

आणि बातमी फुटली. भाऊजींनीच फोडली, दुसरं कोण! "साहेबांनी दादासाठी अन्न सोडलंय." ही बातमी तिकीटखिडकीतून कँटीनमध्ये, कँटीनमधून बाहेर, बाहेरून वहिनीच्या चाळीत तिच्या आधी पोचली. लोक काचेसमोर गर्दी करायला लागले. एक बाई तर काचेला हात लावून डोळे पुसत होती. "मुकं जनावर, पण माया बघा," म्हणाली. मग वहिनीकडे वळून तिच्या कोरड्या चेहऱ्याकडे तिने असं काही पाहिलं की वहिनी बादली उचलून आत निघून गेली.

सासूबाईंचं तर आयुष्यच त्या सापाभोवती फिरायला लागलं. म्हातारी खिडकीत बसून सुनेची वाट बघायची. चपला काढायच्या आत प्रश्न.

"जेवला का गं?"

"नाही, आई."

"बघ," म्हणून म्हातारी मान हलवायची. आणि तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटण्याबरोबर थोडं समाधानही असायचं. पोटच्या पोरासाठी कोणीतरी उपाशी आहे, एवढं कोणीतरी झुरतंय. मग ती सुनेच्या पानात वाढलेली पोळी बघायची. सून पोळी खायची. चव कळायची नाही, पण खायची. म्हातारी कधी काही बोलली नाही, पण न बोलणंसुद्धा ऐकू येतंच की!

आता खरं सांगायचं तर वहिनीलाही तो उपास हवा होता. तिला स्वत:ला काही होत नव्हतं. रात्री पाठ टेकली की झोप लागायची, सकाळी जाग यायची, त्याच बेसिनपाशी ती दात घासायची आणि मनात काहीसुद्धा हलायचं नाही. आपल्यात काहीतरी कमी आहे, आपण त्या माणसाला कधी जीवच लावला नसावा, असं तिला वाटायला लागलं होतं. पण साहेब झुरत होते ना! तिच्या वाटचं कोणीतरी करत होतं. भिंतीपलीकडे कोणी मोठ्याने रडत असलं की आपण गप्प बसलो तरी चालतं, तसा तिला त्या सापाचा आधार झाला होता.

एकदा शाळेची पोरं आली होती. त्यातल्या एका चुणचुणीत मुलीने जनावरांच्या डॉक्टरबाईंना गाठलं. "जिभेनेच डसतो ना हा?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या उंच, सडपातळ, नुकत्याच दुसरीकडून बदलून आलेल्या. बोलणं स्पष्ट, पण कोणाला टोचणारं नाही. "जिभेत ना विष, ना काटा. बघ, तोंड न उघडता काढतो. वरच्या ओठात बारीक खाच असते, तिच्यातून. जीभ वर-खाली हलते तेव्हा आजूबाजूची हवा तिच्याकडे ओढली जाते. त्या हवेत वासाचे बारीक बारीक कण असतात, जमिनीवरही असतात. ते ओल्या जिभेला चिकटतात. जीभ आत गेली की ते कण टाळूतल्या दोन छोट्या छिद्रांपर्यंत पोचतात. ओळखायचं काम तिथलं. जीभ नुसता चमचा आहे, जेवणारा वर बसलाय."

"मग नाक कशाला?"

"नाकही आहे, तेही वास घेतं. पण समोर उंदीर आहे की बेडूक, तो कुठून आला आणि कुठे गेला, याचा निकाल टाळू देते."

"आणि दोन टोकं का?"

"तुला दोन कान का आहेत?"

मुलगी विचारात पडली. "आवाज कुठून आला ते कळायला."

"तसंच. डाव्या टोकाला वास जास्त लागला की डावीकडे, उजव्या टोकाला जास्त की उजवीकडे. अंधारातसुद्धा माग सोडत नाही."

वहिनी मागे फरशी पुसत ऐकत होती. एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. निदान तिला तसं वाटलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी साहेबांचं वजन केलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. भाऊजींना आणि वहिनीला त्यांनी बाजूला घेतलं.

"आता थांबता येणार नाही. सोमवारी नळी घालून पोटात अन्न सोडू."

"म्हणजे खाईल की!" भाऊजी खूश.

"पोटात जाईल. पण एवढा अशक्त नागराज, त्याला धरायचं, जबडा उघडायचा, नळी घालायची... टेबलावर जाऊसुद्धा शकतो. मला ते करायचं नाहीये. पण नाही केलं तरी तो जाणारच." त्या वहिनीकडे वळल्या. "तुम्ही रोज बघता. काही सुचलं, काही वेगळं दिसलं तर मला सांगा. कितीही बारीक असलं तरी."

वहिनी हो म्हणाली. तिला वाटलं, गेला तर गेला. मग तिला स्वत:चीच थोडी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातून चूक झाली. धामणींचा पिंजरा साफ करून ती बाहेर आली होती. हातात निळ्या पट्टीचा आकडा. मोठ्या धामणीने सकाळीच कात टाकली होती. ती अख्खी कात त्याच आकड्याने गुंडाळून तिने बादलीत घातली होती. तेवढ्यात भाऊजींनी हाक मारली, "वहिनी, चला, साहेब पेटीत आहेत, पाण्याचं भांडं काढून घेऊ." झडप खाली, कडी लागली, दोघांनी म्हटलं. वहिनीने बाहेरचं दार उघडलं आणि हातातला आकडा आत घालून भांडं फरशीवरून ओढत दारापर्यंत आणलं. ताजं पाणी भरलं, भांडं परत ढकललं, दार लावलं. मग भाऊजींनी झडप वर ओढली.

साहेब बाहेर आले. नेहमीसारखे निवांत. आणि फरशीच्या मधोमध थबकले.

जीभ बाहेर आली. आत गेली. पुन्हा आली, आणि यावेळी लांब, पार खाली, दोन्ही टोकं फाकून फरशीला टेकलेली. मग आत-बाहेर, आत-बाहेर, इतक्या भराभरा की डोळ्याला फक्त काळी थरथर दिसावी. डोकं जरा डावीकडे, जरा उजवीकडे, पुन्हा मध्ये. जिथून आकडा ओढला होता त्याच रेषेवरून, बोटभरही न ढळता, साहेब दारापर्यंत आले. दाराच्या जाळीपाशी डोकं उचललं आणि जीभ वहिनीच्या दिशेने हवेत वर-खाली हलवत राहिले.

"अहो वहिनी!" भाऊजींचा आवाज फुटला. "ओळखलं हो त्याने! दादाची माणसं ओळखली! बघा, कसा शोधतोय!" आणि एवढा मिशीवाला माणूस भडाभडा रडायला लागला.

वहिनी जाळीपाशी उभी राहिली. तिच्या आत कुठेतरी काहीतरी थोडंसं सरकलं. मला शोधतोय? दादाला शोधतोय माझ्यात? तिने हात पुढे केला, अर्थात जाळीपासून लांब. तो आपला नुसता हातच. साहेबांची जीभ हाताकडे वळलीच नाही. तिने दुसऱ्या हातातला आकडा भिंतीला लावून ठेवायला उजवीकडे नेला, तशी जीभ उजवीकडे गेली.

तिने आकड्याकडे पाहिलं. निळी पट्टी.

एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलेलं डॉक्टरांचं बोलणं आता आठवलं. डावं टोक, उजवं टोक. तिने आकडा पाठीमागे घेतला, बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ठेवला, हात कोपरापर्यंत धुतले आणि परत येऊन उभी राहिली. साहेबांनी एकदा जीभ काढली, आत घेतली आणि पाठ फिरवली.

भाऊजी अजून डोळे पुसत होते. "मी बाहेर सांगून येतो," म्हणाले आणि गेलेसुद्धा.

दिवसभरात डॉक्टर दोनदा समोरून गेल्या, तिने मान खाली घातली. सांगितलं तर साप जगेल, हे तिला कळलं होतं. सांगितलं तर साप झुरत नव्हता हेही सगळ्यांना कळेल. मग दादासाठी झुरणारं या जगात राहिलं कोण? म्हातारी? आणि तिने म्हातारीला जाऊन काय सांगायचं? शिवाय एक गोष्ट तिला अजून नीट आठवत नव्हती, पण ती जवळ येत होती, आणि तिला ती आठवायची नव्हती.

संध्याकाळी निघताना ती पुन्हा साहेबांच्या काचेसमोर गेली. गर्दी ओसरली होती. साहेब कोपऱ्यात वेटोळं करून पडले होते आणि पाठीचा कणा असा वर आला होता की मोजता यावा. डोळे उघडे, सापाला पापण्याच नसतात. एवढ्या दिवसांत ती त्याच्याकडे रोज बघत होती, पण त्याला भूक लागली असेल हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून त्याच्या भुकेचं कौतुक केलं होतं. तिला एकदम लाज वाटली.

ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि आकड्याचं सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "धामण? अहो, नागराजाचं खरं खाणं सापच. पण याच्या नोंदीत तर लिहिलंय, उंदरांची सवय लागलेली आहे म्हणून. मी ते तसंच मानून चालले, एकदाही विचारलं नाही." त्यांनी कपाळाला हात लावला. "दादा उंदीर द्यायचे तरी कसे?"

"बर्फातून काढायचे... पाइपावरच्या पिशवीत ठेवायचे गरम व्हायला. घरी सांगायचे."

"कसली पिशवी?"

"कापडाची. धामणी वजनाला न्यायचे तीच. त्यांची कातही त्यातच कोंबलेली असायची, पोरांना दाखवायला." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे उंदराला धामणीचा वास लागत होता. साहेब वर्षानुवर्षं उंदीर गिळत होते, पण जीभ सांगत होती, साप आहे. कुठे आहे ती पिशवी?"

"मी धुतली," वहिनी म्हणाली.

आणि आठवायची नव्हती ती गोष्ट आली. एका पावसाळ्यात दादाने ती पिशवी घरी आणली होती, शिवण उसवली म्हणून. तिने नाक मुरडलं होतं. "शी! धुवा तरी!" तो दाभण ओवत हसत म्हणाला होता, "ही धुतली ना, तर साहेब रुसतील. उपाशी मरतील, पण तोंड लावायचे नाहीत." तिला वाटलं, आळशी माणसाची थट्टा. ती हसलीसुद्धा नव्हती. तिने त्याला सांगितलं होतं, आधी ती बाहेर ठेवा.

डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत! माझ्या हातात असती तर मीसुद्धा धुतलीच असती. चला, उद्या करून बघू."

रविवारी सकाळी तिघे बोळात होते. बादलीतली कात वहिनीने पाण्यात भिजवून मऊ केली होती. उंदीर कोमट केला, त्याला कात घट्ट चोळली, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि एक तुकडा त्याच्या डोक्याभोवती गुंडाळला. साहेब पेटीत. झडप, कडी, दोघांनी म्हटलं. लांब चिमट्याने उंदीर आत ठेवला. भाऊजी कुरकुरत होते, "काही होणार नाही. माया अशी फसवता येत नाही." त्यांना ते व्हायला नकोच होतं.

झडप वर गेली.

साहेब बाहेर आले. जीभ हवेत, वर-खाली, मग खाली. डोकं डावीकडे, उजवीकडे, मध्ये. मग ते निवांत राहिलेच नाहीत. सरळ उंदरापाशी. जीभ त्याच्या अंगाला लागली, आत गेली, पुन्हा लागली. आणि मग जबडा उघडला. एवढे दिवस सगळं जग ज्याची वाट बघत होतं, ते पाणी पिण्याइतकं साधं होतं. उंदीर हळूहळू दिसेनासा झाला, शेपटी राहिली, मग तीही गेली. साहेबांनी जबडा इकडून तिकडे बसवून घेतला आणि लगेच जीभ बाहेर काढली. आणखी आहे का?

"दुसरा द्या," डॉक्टर हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "नळी रद्द!"

भाऊजी हिरमुसले होते. मिशासुद्धा खाली आल्या होत्या. "म्हणजे दादाचं त्याला काहीच नव्हतं?"

"त्याला दादा माहीत असतील," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्या हाताचा वासही त्याच्या ओळखीचा झाला असेल कदाचित. पण त्यासाठी तो उपाशी नव्हता, एवढं नक्की. त्याला समोरचं अन्न हे अन्न आहे हेच कळत नव्हतं."

वहिनीने दुसऱ्या उंदराला कात चोळली. हात नीट चालत होते.

घरी म्हातारी खिडकीत होती.

"जेवला का गं?"

वहिनीने चपला काढल्या. त्या नीट ठेवल्या. "जेवला, आई. दोन खाल्ले."

मग वहिनीने तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. पिशवीचं, धामणीचं, आकड्याचं. तो कधी झुरत नव्हताच, त्याला वास येत नव्हता. आणि तो वास मी धुतला. यांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी सगळंच धुतलं, आई. हे सगळं तिने असं सांगितलं, जसं वाण्याकडे काय काय आणायचं ते सांगावं.

म्हातारीने खिडकी लावून घेतली. "चला, जेवला ते बरं झालं," म्हणाली. "बिचारा उगाच उपाशी." मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, आत गेली. कपाटाचं दार वाजलं. येताना तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. पिशवीचं तोंड दोन गाठी मारून बांधलेलं.

"हे मी लपवलं होतं," म्हातारी म्हणाली. "तू धुशील म्हणून."

तो दादाचा करडा स्वेटर होता, कामावर घालायचा. कोपरावर रफू केलेला.

वहिनीने गाठी सोडल्या. स्वेटर नाकाला लावला. आधी धामण आली, त्या धुतलेल्या पिशवीचाच वास, तोच, ज्याला ती शी म्हणाली होती. मग उंदीर, मग फिनेल. तिने नाक दुसऱ्या बाजूला नेलं, गळ्याच्या पट्टीपाशी. आणि तिथे तो होता. दाढीचा साबण, घाम, आणि ज्याला नाव नाही असं त्याचं काहीतरी.

ती रडली. इतकी रडली की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली आणि म्हातारीने तिला हातानेच परत पाठवलं. श्वास घ्यायला ती थांबायची, पण श्वास घ्यायचा म्हणजे पुन्हा तेच नाकात जायचं, की पुन्हा सुरू. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"पुरे, पुरे," म्हणाली थोड्या वेळाने. "डोळ्यांचं पाणी लागू देऊ नकोस त्याला. वास जाईल."

वहिनीने स्वेटर घडी करून पिशवीत घातला आणि दोन गाठी मारल्या.